412 शब्दांचा बायो 50 शब्दांत बसवताना काय झालं: एक प्रकरण अभ्यास

(नावं, खातं, कार्यक्रम सगळं काढून टाकलंय. ज्यांचा बायो आहे त्यांना विचारूनच लिहितेय, त्यांना इथे काका म्हणते, कारण ते माझ्या मैत्रिणीचे वडील.)

पार्श्वभूमी

काका पुलांचे इंजिनियर. 34 वर्षं एकाच खात्यात नोकरी, कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि मुख्य अभियंता होऊन निवृत्त झाले, त्यालाही आता चार वर्षं झाली. एका तांत्रिक परिषदेत त्यांना "जुन्या पुलांची तपासणी" यावर 40 मिनिटं बोलायला बोलावलं. आयोजकांनी ऑनलाइन फॉर्म पाठवला, त्यात एक चौकट होती, वक्त्याचा परिचय, कमाल 50 शब्द. हाच मजकूर छापील पुस्तिकेत जाणार आणि सूत्रसंचालक हाच वाचून दाखवणार. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची.

काकांकडे बायो तयार होता, निवृत्तीच्या निरोप समारंभासाठी कुणीतरी लिहून दिलेला, 412 शब्दांचा. शाळा, कॉलेज, सुवर्णपदक, सगळी पदं ओळीने, बदल्या, पुरस्कार, संस्थांची सदस्यत्वं, 14 शोधनिबंध, आणि शेवटी वाचन आणि भटकंतीची आवड. निरोप समारंभाला हे छानच होतं, कारण समोर बसलेल्यांना तो माणूस माहीत होता आणि त्यांना आठवणी ऐकायच्या होत्या.

मैत्रिणीने मला फोन केला, "अगं तू हे असलं एडिटिंग करतेस ना, बाबांचं एवढं कापून दे, अर्ध्या तासाचं काम आहे." अर्ध्या तासाचं नव्हतं.

अडचण

मी हातात घ्यायच्या आधी घरात दोन प्रयत्न होऊन गेले होते. काकांनी स्वतः कापलं तेव्हा शाळा आणि छंद गेले, 290 शब्द उरले आणि तिथे ते थांबले, कारण पुढचं प्रत्येक वाक्य त्यांच्या आयुष्याची काही वर्षं होती. मग मैत्रिणीने कापलं. तिने काय केलं तर प्रत्येक परिच्छेदातून थोडं थोडं घेतलं, म्हणजे कुणावर अन्याय नको. ते असं झालं:

> निवृत्त मुख्य अभियंता. एम.टेक. (स्ट्रक्चरल), सुवर्णपदक. 34 वर्षांची प्रदीर्घ व गौरवशाली सेवा. कनिष्ठ अभियंता ते मुख्य अभियंता असा प्रवास. अनेक पूल, रस्ते व इमारतींच्या उभारणीत मोलाचे योगदान. विविध पुरस्कारांनी सन्मानित. अनेक व्यावसायिक संस्थांचे सदस्य. 14 शोधनिबंध प्रकाशित. देशविदेशात व्याख्याने. सध्या सल्लागार म्हणून कार्यरत. नवोदित अभियंत्यांना सातत्याने मार्गदर्शन.

47 शब्द. मर्यादेत आहे, खोटं काही नाही, आणि तरी हा परिचय कुठल्याही निवृत्त मुख्य अभियंत्याच्या नावाखाली चिकटवता येतो. मी मैत्रिणीला सांगितलं की यातलं नाव झाक आणि सांग हा माणूस कशावर बोलणार आहे. तिला सांगता येईना. रस्त्यांवर बोलू शकेल, इमारतींवर बोलू शकेल, करिअर मार्गदर्शनावरही.

थोडं थोडं सगळ्यातून कापलं की असंच होतं. प्रत्येक गोष्टीचं फक्त शीर्षक उरतं आणि शीर्षकं सगळ्यांची सारखीच असतात. "मुख्य अभियंता" दोनदा आलंय, "अनेक" दोनदा, "विविध" एकदा, आणि "कनिष्ठ अभियंता ते मुख्य अभियंता असा प्रवास" या सात शब्दांत नवीन माहिती शून्य, कारण मुख्य अभियंता झालेला माणूस आधी खालच्या पदावर असणारच ना.

मग मी मूळ 412 शब्द नीट वाचले. साधारण 260व्या शब्दाच्या आसपास, पुरस्कारांच्या परिच्छेदात, एका लांबलचक वाक्याच्या पोटात हे सापडलं: "तसेच पुलांच्या पायाजवळील धूप तपासणी कार्यपद्धतीच्या मसुदा कामात सहभाग". घरातल्या दोन्ही प्रयत्नांत हे गेलं होतं. काकांनी स्वतःसुद्धा उडवलं होतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की ही ओळ माझ्या डोळ्यात का भरली. नदीवरच्या पुलाचा खांब जिथे तळात शिरतो तिथली माती वाहतं पाणी उकरत असतं, हीच धूप, आणि पुरात हा खड्डा खूप खोल जातो. पण पूर ओसरायला लागला की त्याच खड्ड्यात गाळ येऊन बसतो आणि नंतर बघायला गेलात तर तळ सपाट दिसतो, सगळं ठीक दिसतं, प्रत्यक्षात खांबाभोवती घट्ट मातीच्या जागी भुसभुशीत गाळ असतो आणि पुढच्या पुरात तो पहिल्यांदा निघून जातो. म्हणजे कधी मोजायचं, कुठे मोजायचं, आणि मोजलेला आकडा कशाशी ताडून बघायचा हे ठरलेलं नसेल तर तपासणी होते पण कळत काहीच नाही. जुन्या पुलांच्या तपासणीवरच्या भाषणात हा विषय येणारच, आणि ते कसं करायचं हे ज्यांनी खात्यासाठी लिहून काढलं त्यांच्यातला एक माणूस समोर उभा राहणार आहे. मी काकांना विचारलं की हे असं कोपऱ्यात का टाकलं, तर म्हणाले, "अगं ते काम होतं, पद नव्हतं."

पर्याय काय होते

50 शब्दांत एकच गोष्ट नीट सांगता येते, बाकीच्या तिच्या बाजूला उभ्या राहतात. ती एक कोणती यावर आमचं तिघांचं बराच वेळ चाललं.

काकांचं म्हणणं, मुख्य अभियंता. सगळ्यात वरचं पद तेच, आणि लोक आधी पद बघतात. चूक नाही. पण त्या परिषदेच्या वक्त्यांची यादी मी बघितली तर त्यात आणखी तिघे निवृत्त मुख्य अभियंते होते. ज्या सभागृहात चौघांकडे तेच पद आहे तिथे त्या पदाने वेगळेपण काय कळणार.

मैत्रिणीचं म्हणणं सुवर्णपदक आणि पुरस्कार. पुरस्कार कोणता विचारलं तर तो खात्याचाच अंतर्गत, उत्कृष्ट सेवेचा. सुवर्णपदक एम.टेक.चं, म्हणजे नोकरीच्याही आधीचं. विद्यार्थी हुशार होता हे त्यातून कळतं, पुलाखाली काय केलं ते कळत नाही.

शोधनिबंध 14, हा आकडा भारदस्त वाटतो, पण त्यातले पुलांवरचे दोनच, बाकी काँक्रीट मिश्रणावर. विषय वेगळा, म्हणून गेले.

धूप तपासणीची पद्धत हा माझा पर्याय. मी त्यांना सांगितलं की वाचणारा कोण ते डोळ्यासमोर आणा. त्या वेळेला शेजारच्या सभागृहात दुसरं भाषण आहे, पोरगा दारात उभा आहे, हातात पुस्तिका आहे आणि आत शिरायचं की पलीकडे जायचं हे त्याला ठरवायचंय. या विषयावर याच माणसाचं का ऐकायचं, एवढाच त्याचा प्रश्न आहे. काकांच्या 34 वर्षांचा मान ठेवणं हे त्या चौकटीचं कामच नाही, तो मान निरोप समारंभात ठेवून झालाय.

हे शेवटचं वाक्य मी जरा धाडकन बोलले. काका गप्प बसले, मग म्हणाले पद पूर्ण काढणार असशील तर मला नको हा बायो. तिथे मला कळलं की पद काढायचं नाही, फक्त मागे न्यायचं. जागा किती लागते? "मुख्य अभियंता म्हणून निवृत्त", चार शब्द. चार शब्दांसाठी भांडण कशाला.

काय केलं

पहिली गोष्ट लिहिण्याची नव्हती, खात्री करण्याची होती. छोट्या बायोत एक धोका असतो जो मोठ्यात कमी असतो, तो म्हणजे कापता कापता दावा फुगतो. मूळ बायोत होतं "एका पूल दुर्घटनेच्या चौकशी समितीला तांत्रिक साहाय्य". मैत्रिणीच्या मधल्या एका मसुद्यात त्याचं "चौकशी समितीवर काम" झालं होतं. तिला काही फसवायचं नव्हतं, शब्द वाचवायचे होते, पण साहाय्य देणारा आणि समितीवर असणारा ही वेगळी माणसं आणि सभागृहात समितीवरचा खरा सदस्य बसलेला असू शकतो. "सह", "निमंत्रित", "प्रभारी", "सादर केलेला" हे शब्द कापणाऱ्याला फालतू वाटतात आणि नेमके तेच खरं-खोटं ठरवत असतात. आम्ही ती ओळ पूर्णच काढली, अर्धवट ठेवण्यापेक्षा ते बरं.

धूपवाल्या ओळीचं उलटं होतं. "मसुदा कामात सहभाग" यातून काहीच कळत नाही, टायपिंग करणाऱ्याचाही सहभागच असतो. मैत्रिणीला पटल्यावर ती दुसऱ्या टोकाला गेली, तिने लिहिलं "धूप तपासणी पद्धतीचे जनक". काका म्हणाले, "मी एकटा नव्हतो, आम्ही तिघं होतो, उद्या बाकीचे दोघं वाचतील." त्यांनी जुन्या फायलीतून ते परिपत्रक काढलं, 2009 चं, खाली मसुदाकार म्हणून तीन नावं. म्हणजे "लिहिणाऱ्या तिघांपैकी एक". यातले "तिघांपैकी एक" हे दोन शब्द मी शेवटपर्यंत कापू दिले नाहीत. माझ्या मते त्यांनी दावा लहान होत नाही, उलट विश्वास बसतो, कारण जो माणूस तिघं होतो म्हणतोय तो बाकीचंही मोजून बोलत असणार.

पद्धत अजून वापरात आहे का? हे काकांना गृहीतच होतं. त्यांनी खात्यात अजून नोकरीत असलेल्या एकाला फोन केला, कळलं की मधे एकदा सुधारणा झाली, काही तक्ते बदलले, पण मूळ पद्धत तीच आहे. "2009 पासून वापरली जाते" लिहायला तेवढं पुरे होतं. मूळ मजकूर पूर्ण बदलला असता तर "वापरली जात होती" लिहावं लागलं असतं आणि मग ती ओळ पहिली ठेवायची का हा प्रश्न परत उघडला असता.

मग आकडा. काका म्हणत होते मी पाचशेच्या वर पूल बघितलेत. त्यांच्या फील्ड डायऱ्या होत्या, अकरा. मैत्रीण आणि मी बसून मोजलं, ओळ न् ओळ. पाचशेच्या वर भेटी होत्या, खरं आहे, पण एकाच पुलावर चार चार वेळा गेलेले. वेगवेगळे पूल 212. पाचशे छापलं असतं तरी कुणी विचारलं नसतं कदाचित, पण तपासणीवर बोलणाऱ्या माणसाचा स्वतःचा आकडा तपासलेला नसणं हे जरा विचित्रच. "200 हून अधिक" ठेवलं. 212 नाही ठेवलं कारण इतका नेमका आकडा बघून माणूस अडखळतो आणि कशाचे 212 ते सांगायला अजून शब्द लागतात.

आता लिहिणं. आधी शब्द वाटून घेतले, अंदाजे: धूपवाल्या ओळीला पंधरा, पाहणीला बारा-तेरा, पद आणि सेवा मिळून सात, शिक्षण दोन-तीन, आणि उरलं त्यात आत्ता काय करतात ते. नाव या हिशोबात नाही, कारण नाव आणि खातं चौकटीच्या वर वेगळं छापलं जाणार होतं, म्हणून बायोत "त्यांच्या खात्यात" एवढंच म्हणून भागलं. विशेषणं सगळी गेली. मराठीत एक सोय आहे की प्रत्यय शब्दालाच चिकटतात, "पायाजवळची" हा एकच शब्द, त्यामुळे 50 शब्दांत आपल्याकडे बऱ्यापैकी मावतं. शब्द उगाच जोडून मात्र फसवाफसवी नको, वाचताना जीभ अडकते आणि हे मोठ्याने वाचलं जाणार होतं.

शेवटी हे गेलं:

> पुलाच्या पायाजवळची धूप तपासण्याची जी पद्धत त्यांच्या खात्यात 2009 पासून वापरली जाते, ती लिहिणाऱ्या तिघांपैकी एक. 200 हून अधिक पुलांची स्वतः पाहणी; त्यातले बहुतेक नदीवरचे आणि 40 वर्षांहून जुने. मुख्य अभियंता म्हणून निवृत्त, सेवा 34 वर्षं. एम.टेक. (स्ट्रक्चरल), सुवर्णपदक. हल्ली तरुण अभियंत्यांना प्रत्यक्ष पुलाखाली नेऊन तपासणी कशी करायची ते शिकवतात.

मोजून बघा, बरोबर 50. मुख्य अभियंता 30व्या शब्दावर आलाय. सुवर्णपदक माझ्या मसुद्यात नव्हतं, तेव्हा 49 होते. काकांनी विचारलं एक शब्द शिल्लक आहे ना, मग माझं पदक घाल. घातलं. एका शब्दाने कुणाचं काय बिघडतंय असं वाटलं मला.

निकाल

बिघडलं. मी वर्डमध्ये मोजलं होतं, वर्ड मोकळ्या जागा बघून शब्द मोजतो, त्याच्या लेखी "एम.टेक." एक शब्द. आयोजकांच्या फॉर्मने टिंबावर तोडून त्याचे दोन धरले, एकूण 51, आणि 50 नंतरचं गपचूप कापून टाकलं. लाल अक्षरं नाहीत, सूचना नाही, काही नाही. काकांनी पाच वाजायच्या आत पेस्ट केलं, सबमिट दाबलं, आणि आम्ही निवांत. पुस्तिका छापून आली तेव्हा परिचयाचा शेवट होता "...प्रत्यक्ष पुलाखाली नेऊन तपासणी कशी करायची ते". शिकवतात गायब, पूर्णविराम गायब. पदक मात्र ठणठणीत.

मला फार लाज वाटली, चूक माझीच. काका उलट हसले, म्हणाले खांब शाबूत आहे, कठडा गेलाय. आणि ते बरोबरच होतं, कारण जी ओळ जायला नको होती ती पहिली होती. मैत्रिणीच्या आधीच्या एका मसुद्यात, जेव्हा तिला धूपवाली ओळ नुकतीच पटली होती, ती तिने सगळ्यात शेवटी "विशेष उल्लेखनीय:" करून टाकली होती. ते गेलं असतं तर कापलं गेलेलं नेमकं तेच असतं.

सूत्रसंचालकाने वाचताना शेवटचं वाक्य स्वतःच पुरं केलं, त्यामुळे सभागृहात कुणाला कळलंही नाही. जेमतेम अर्धं मिनिट लागलं. भाषणानंतरचे पहिले दोन्ही प्रश्न धुपीवरचे होते, आणि पहिला विचारणाऱ्याने सुरुवातच अशी केली की तुम्ही ती पद्धत लिहिलीत तर मला सांगा की पूर ओसरल्यावर किती दिवसांत मोजायचं. काकांनी आधी दुरुस्त केलं की आम्ही तिघांनी लिहिली, मग उत्तर दिलं. बायोमुळे किती लोक त्या सभागृहात आले हे सांगायला माझ्याकडे काही साधन नाही, तसा दावा करत नाही.

एक मात्र झालं, त्या तिघांपैकी दुसऱ्यांचा काकांना फोन आला, पुस्तिका त्यांच्याही हातात पडली होती. तिघं लिहिलंस ते बरं केलंस म्हणाले, आणि मग बराच वेळ त्या जुन्या मसुद्यावर बोलत बसले दोघं.

परत करायचं झालं तर

45 ला थांबेन. हे नंतर सुचलं, पण शेवटचं वाक्य "हल्ली तरुण अभियंत्यांना पुलाखाली नेऊन तपासणी शिकवतात" असं सहज झालं असतं, चार शब्द वाचले असते, पदक ठेवूनही 46. मर्यादा 50 ची असेल तर समोरचा कसं मोजतो ते आपल्याला माहीत नसतं, टिंब, जोडरेघ, कंस, "200 हून" की "200हून", सगळीकडे घोळ होऊ शकतो. आणि फॉर्ममध्ये पेस्ट केल्यावर शेवटचा शब्द तिथे आहे का हे डोळ्याने बघणं, दोन सेकंदांचं काम, ते आम्ही तिघांपैकी कुणीच केलं नाही.

दुसरं म्हणजे मी काकांशी आधी बोलायला हवं होतं, 412 शब्द वाचायच्या आधी. बायो लिहिणाऱ्याने त्यांचं सगळ्यात मोठं काम पुरस्कारांच्या परिच्छेदात टाकलं आणि काकांनीही ते तसंच मानलं. मी कागदावरून सुरुवात केली म्हणून नशिबाने सापडलं, नसतं सापडलं तर मी पदावरच समाधान मानलं असतं. आता कुणाचा बायो आला की मी आधी एकच विचारते, तुम्ही केलेलं असं काय आहे जे तुम्ही सोडल्यावरही लोक वापरतायत. बऱ्याच जणांना पटकन उत्तर येत नाही, काहींचं उत्तर नाहीच असंही निघतं आणि मग पदच पुढे ठेवावं लागतं, त्यात काही कमीपणा नाही.

पदकाचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या कार्यक्रमाला 40 शब्द मागितलेत, मी ते काढलंय, काकांनी परत घातलंय, मसुदा सध्या त्यांच्याकडे आहे.